पाटीवरची अक्षरं आणि फोटोतला देश

बँकेच्या तीन पाट्या डोळ्यांसमोर आणू. एक कैरोची, एक तेहरानची, एक लाहोरची. तिन्हींवर एकच शब्द आहे: बँक. तिन्ही पाट्या उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या आहेत आणि ही लिपी न शिकलेल्या माणसाला त्या एकाच भाषेतल्या वाटतील. पण कैरोच्या पाटीवर हा शब्द तीनच अक्षरांचा आहे: बे, नून, काफ. मधला स्वर लिहिलेलाच नाही. तेहरानच्या पाटीवर बे आणि नून यांच्यामध्ये एक उभी दांडी येते, तिला अलिफ म्हणतात. इराणी माणूस हा शब्द 'बांक' असा उच्चारतो आणि तसाच लिहितो. लाहोरला त्या जागी दांडी नसून एक छोटा दात आहे आणि त्याच्या खाली दोन ठिपके. हा ये. पाकिस्तानी माणूस इंग्रजी उच्चाराच्या जवळचं 'बैंक' म्हणतो, म्हणून.

आता त्या शब्दाचं डावीकडचं टोक पाहा. शेवटचं अक्षर तिन्हीकडे क आहे, पण कैरोचा काफ सरळ उभा राहतो आणि त्याच्या पोटात एक बारीकशी वळवळती खूण असते. तेहरान आणि लाहोरच्या काफाचं पोट रिकामं असतं, उलट त्याच्या डोक्यावर एक तिरपी रेघ असते. एका छोट्या शब्दात तिन्ही भाषा वेगळ्या झाल्या, आणि त्यासाठी वाचता येण्याची गरज पडली नाही. कुठे दांडी आहे, कुठे ठिपके आहेत आणि शेवटच्या अक्षराच्या पोटात काही आहे का, एवढंच पाहिलं.

हे शिकून घ्यावं असं मला वाटतं, कारण आपल्या मोबाइलवर रोज येणाऱ्या फोटोंत अशा पाट्या असतात. पूर, भूकंप, मोर्चा, बाँबहल्ला. फोटोखाली देशाचं नाव कुणीतरी लिहिलेलं असतं आणि मागे, कोपऱ्यात, एखाद्या औषधाच्या दुकानाची पाटी त्या नावाला दुजोरा देत असते किंवा ते खोडून काढत असते. ज्या माणसांवर संकट आलं त्यांची जागाच चुकीची सांगणं हा त्यांच्यावरचा अन्याय आहे. तो पसरवण्यात आपला हात नको असेल, तर त्या कोपऱ्यातल्या पाटीकडे नीट पाहावं लागतं.

पाहायला सुरुवात करण्याआधी एक गोष्ट बाजूला काढायची. पाटीवर सर्वांत वर 'बिस्मिल्लाह' किंवा 'माशाअल्लाह' असेल, कुराणातली आयत असेल, तर ती अरबीच असणार, मग दुकान कराचीत असो, काबूलमध्ये असो की भिवंडीत. तिच्यावरून देश ठरत नाही. दुकानाच्या नावाचंही तसंच. भारतात आणि पाकिस्तानात 'अल-' ने सुरू होणाऱ्या नावांची हॉटेलं आणि बेकऱ्या गल्लोगल्ली आहेत. उपयोगाच्या असतात त्या खालच्या, लहान अक्षरांतल्या ओळी. दुकानात काय मिळतं, पत्ता काय, फोन कुठला. धार्मिक मजकूर आणि नाव माणूस परंपरेच्या भाषेत लिहितो, पण गिऱ्हाइकाला जे कळायलाच हवं ते गिऱ्हाइकाच्या भाषेत.

तिघांत उर्दू ओळखणं सर्वांत सोपं, कारण ती बहुतेक वेळा नस्तालीक वळणात असते. अरबी आणि फारसीची छापील अक्षरं नस्ख वळणाची असतात, म्हणजे सगळे शब्द एका आडव्या रेषेवर बसतात. नस्तालीकमध्ये प्रत्येक शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे येता येता खाली उतरतो. पुढचा शब्द पुन्हा वरून. संपूर्ण ओळ अशा तिरक्या शब्दांची बनलेली दिसते. हे वळण छापखान्याला फार जड जात असे. एकाच अक्षराचा आकार शेजाऱ्याप्रमाणे बदलतो, म्हणून उर्दू वर्तमानपत्रं कित्येक दशकं कातिबांच्या हातानं लिहून घेतली जात. १९८१ मध्ये अहमद मिर्झा जमील यांनी हजारो जोडआकार रेखून 'नूरी नस्तालीक' हा संगणकी टाइप तयार करवला आणि मग हे वळण वर्तमानपत्रांत, पुढे फ्लेक्सच्या बोर्डांवरही सहज आलं. आज लाहोरच्या आणि हैदराबादच्या पाट्या पाहिल्या तर त्यांच्यातलं साम्य जाणवतं, त्याचं एक कारण हे टाइप आहेत.

पण नस्तालीक दिसलं की उर्दू, असा नियम करता येत नाही. हे वळण जन्मलं इराणात, आणि आजही तिथली जुन्या धाटणीची उपाहारगृहं, मिठाईची दुकानं, कलादालनं आपलं नाव हौसेनं नस्तालीकमध्ये लिहून घेतात. म्हणून वळणावरून अंदाज करायचा आणि अक्षरांवरून तो पक्का करायचा. उर्दूला ट, ड आणि ड़ हे ध्वनी लागतात. अरबीत ते नाहीत, फारसीत नाहीत. ते लिहिण्यासाठी उर्दूनं साध्या अक्षराच्या डोक्यावर एक चिमुकला 'तोय' ठेवला: एक उभी दांडी आणि तिच्या पायाशी उजव्या बाजूला लहानसं वेटोळं. हा चिमुकला तोय दिसला की ती फारसीही नाही आणि अरबीही नाही. बाजारातल्या पाट्यांवर तो शोधायला फार वेळ लागत नाही, कारण इंग्रजीतून आलेले शब्द त्याच्याशिवाय लिहिताच येत नाहीत. मेडिकल स्टोअर, हॉटेल, रोड, लिमिटेड, प्रत्येकात ट किंवा ड आहे.

दुसरी खूण दो-चश्मी हे. नावाप्रमाणे दोन डोळे असलेलं, चष्म्यासारखं दिसणारं अक्षर. ख, घ, ठ, भ असे महाप्राण लिहायला उर्दू ते वापरते. मिठाईच्या दुकानाची पाटी या दोन्ही खुणांसाठी उत्तम: 'मिठाई' या शब्दात मधोमध ट वरचा तोय येतो आणि त्याला लागूनच चष्मा. तिसरी खूण बडी ये. 'के', 'से', 'ने' अशा शब्दांच्या शेवटी येणारं हे अक्षर डावीकडे थांबत नाही, ते वळून उजवीकडे परत येतं आणि शब्दाच्या खालून एक लांब आडवी रेघ ओढतं. तोय, चष्मा आणि परत फिरलेली रेघ, या तिघांपैकी दोन सापडल्या तर उर्दूबद्दल शंका ठेवू नये.

उर्दू आहे म्हणजे पाकिस्तान, ही मात्र घाई होईल. जुनी दिल्ली, लखनौ, श्रीनगर, हैदराबाद, मालेगाव, मुंबईचा भेंडी बाजार, सगळीकडे उर्दू पाट्या आहेत. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या इमारतीवरच्या फलकावर मराठीसोबत उर्दू आहे; त्याला आक्षेप घेणारं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयानं तो फलक तसाच राहू दिला. त्या इमारतीचा फोटो नेमका मराठी ओळ कापून कुणी फिरवला, तर पाकिस्तानातला म्हणून तो सहज खपेल. म्हणून उर्दू पाटी दिसली की तिच्या शेजारी देवनागरी, तेलुगू किंवा दुसरी भारतीय लिपी आहे का, हे पाहायचं. नसेल तर फोन नंबर. पाकिस्तानी मोबाइल नंबर ०३ ने सुरू होतो आणि एकूण अकरा आकडे असतात. भारतीय नंबर दहा आकडी, सहा ते नऊ यांपैकी कशानं तरी सुरू होणारा. दोन्ही देशांत पाट्यांवरचे आकडे साधारणपणे इंग्रजीच असतात, त्यामुळे ते आपल्याला वाचता येतात.

आता अरबी आणि फारसी. हे खरं अवघड, कारण दोन्ही बहुधा नस्ख वळणात, एकाच रेषेवर, एकाच जाडीच्या अक्षरांत येतात. अरबीची अक्षरं अठ्ठावीस. फारसीनं त्यात चार वाढवली: प, च, ग आणि झ सारखा एक घर्षक ध्वनी. यांतला प आणि च ठिपक्यांवरून कळतो. जिथे अरबीत खाली एक ठिपका असतो तिथे फारसीत तीन. ग म्हणजे काफाच्या डोक्यावरच्या तिरप्या रेघेला समांतर आणखी एक रेघ. दुहेरी तिरपी रेघ लांबूनही दिसते, आणि फारसी पाट्यांवर ती वारंवार येते, कारण दुकान या अर्थाचा 'फुरुशगाह', विमानतळाचा 'फुरुदगाह', विद्यापीठाचा 'दानिशगाह' असे 'गाह' ने संपणारे शब्द तिथे भरपूर आहेत.

तरी मी या चार अक्षरांवर पूर्ण भिस्त ठेवायला सांगणार नाही. इराकी अरबी बोलीत च आणि ग हे ध्वनी आहेत आणि बगदाद-बसऱ्याच्या पाट्यांवर ते फारसीच्या अक्षरांनी लिहिलेले आढळतात. त्यापेक्षा अरबीची स्वतःची लकब जास्त भरवशाची. अरबीत नामाला आणि त्याच्या विशेषणाला, दोघांनाही, 'अल' जोडतात. त्यामुळे शब्दाच्या उजव्या टोकाला दोन उभ्या दांड्या शेजारीशेजारी दिसतात, पहिली सुटी आणि दुसरी पुढच्या अक्षराला जोडलेली. एका ओळीत अशा दांड्यांच्या जोड्या दोन-तीन शब्दांच्या सुरुवातीला दिसल्या, तर ती अरबी. एकाच शब्दावर असेल तर ते नुसतं नाव असू शकतं.

दुसरी लकब शब्दाच्या डाव्या टोकाला असते. अरबीतली असंख्य स्त्रीलिंगी नामं एका गोलाकार अक्षरानं संपतात आणि त्यावर दोन ठिपके असतात. याला 'ता मरबूता' म्हणतात. फारसी आणि उर्दूनं हे शब्द उसने घेतले, पण घेताना ठिपके टाकून दिले किंवा त्या जागी सरळ त लिहिला. 'अल-मदिना' नावाची पाटी यासाठी फार कामाची आहे. सुरुवातीच्या दोन दांड्यांवरून ती अरबी वाटते, पण ती सौदी अरेबियात लिहिलेली असेल तर शेवटच्या गोलावर दोन ठिपके असतील, आणि कराचीत किंवा मुंबईत लिहिलेली असेल तर तो गोल उघडा असेल. अडचण फक्त इजिप्तमध्ये येते. तिथले रंगारी हातानं लिहिताना हे ठिपके बऱ्याचदा गाळतात. म्हणून ठिपके असतील तर अरबी नक्की. नसतील तर अजून काही पाहायचं शिल्लक आहे.

ते शिल्लक म्हणजे आकडे. अक्षरं धूसर झाली तरी आकडे मोठे आणि सुटे असतात, शिवाय ते डावीकडून उजवीकडेच लिहिले जातात. कैरो, बगदाद, रियाध इथल्या पाट्यांवरचे आकडे आणि तेहरानचे आकडे एकाच कुळातले. एक, दोन, तीन, सात, आठ, नऊ जवळजवळ सारखेच. सात म्हणजे वर उघडा कोन, आठ म्हणजे तोच कोन उपडा, शून्य म्हणजे एक ठिपका. फरक आहे तो चार, पाच आणि सहा या तीन आकड्यांत, आणि पाहायचेही तेवढेच. अरबी पाच म्हणजे साधा गोल. मराठी डोळा त्याला शून्य म्हणून वाचतो, तेवढी काळजी घ्यावी. फारसी पाच म्हणजे उलटा बदाम: टोक वर, खाच खाली. अरबी चार इंग्रजी तीनचा आकडा आरशात पाहावा तसा. फारसी चारला उभी दांडी असते आणि वरच्या टोकाला एक वळण. अरबी सहा थेट इंग्रजी सातसारखा दिसतो. फारसी सहाच्या डोक्याला उघडा आकडा असतो. फोन नंबरात यांतला एक तरी आकडा बहुतेक वेळा सापडतोच.

आता एक फोटो सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवून पाहू. समजा, गुडघाभर पाण्यात बुडालेल्या रस्त्याचा फोटो आला आहे आणि खाली लिहिलं आहे, 'कराचीतला पूर'. एका दुकानावर हिरवी पाटी आहे, पांढरी जाड अक्षरं. फोन नंबर आहे आणि तो ०२१ ने सुरू होतो. कराचीचा शहर कोड ०२१ आहे, हे इंटरनेटवर कुणालाही सापडेल, आणि इथेच पुष्कळ जण थांबतील. पण तेहरानचा कोडही ०२१ आहे, आणि दोन्ही शहरांत त्यापुढे आठ आकडे असतात. नंबराची लांबी आणि सुरुवात इथे काहीच ठरवत नाही.

म्हणून नंबर काय आहे यापेक्षा तो कसा लिहिला आहे ते पाहायचं. शून्याच्या जागी ठिपका आहे, आणि पुढे एक उलटा बदाम दिसतो. हा फारसी पाच. कराचीच्या दुकानदारानं इंग्रजी आकडे वापरले असते. मग वळण: शब्द एका रेषेवर बसले आहेत, उतरत नाहीत. तोय शोधला, नाही. चष्मा नाही, परतीची रेघ नाही. उर्दू जवळजवळ बाद झाली. शब्दांच्या सुरुवातीला दांड्यांच्या जोड्या नाहीत, शेवटी दोन ठिपक्यांचा गोल नाही, त्यामुळे अरबीही मागे पडली.

राहिला मोठा शब्द. तो वाचता आला नाही तरी त्याचे तुकडे मोजता येतात. या लिपीत काही अक्षरं आपल्या डावीकडच्या अक्षराला कधीच जोडली जात नाहीत. अलिफ, दाल, रे, वाव ही त्यांतली. त्यामुळे प्रत्येक शब्दाचे ठरावीक तुकडे पडतात आणि ते टाइप बदलला तरी बदलत नाहीत. पाटीवर उजवीकडून चार सुटी अक्षरं आहेत: एक वाकडं, एक उभी दांडी, एक खाली उतरणारं, एक डोक्याला गाठ असलेलं. त्यांच्यापुढे दोन जोडतुकडे. दाल, अलिफ, रे, वाव, मग 'खा', मग 'ने'. दारूखाने. इराणात औषधाच्या दुकानाला हाच शब्द आहे, दारू म्हणजे तिथे औषध. भाषा फारसी, आकडे फारसी, कोड तेहरानचा. हा रस्ता कराचीतला नाही. तो तेहरानमधला असण्याची शक्यता खूप मोठी आहे.

'खूप मोठी' म्हटलं, कारण फारसी फक्त इराणात नाही. अफगाणिस्तानात तिला दरी म्हणतात आणि लिपी, आकडे, चार जादा अक्षरं सगळं तेच. पण औषधाचं दुकान तिथे सहसा 'दवाखाना' असतं, जे मराठी माणसाला ओळखीचं वाटेल. याचे तुकडे वेगळे: सुरुवातीला चारऐवजी तीनच सुटी अक्षरं. आणि अफगाण पाटीवर बहुधा पश्तूही असते. पश्तूत औषधाच्या दुकानाला 'दरमलतून' म्हणतात. दोन सुटी अक्षरं, मग एक लांब जोडतुकडा आणि शेवटी एकटं उभं राहिलेलं नून. पश्तूलाही ट, ड, ड़ लागतात, पण तिनं उर्दूसारखा वर तोय ठेवला नाही, तर अक्षराला एक बारीक गोल कडी जोडली. शिवाय तिची काही अक्षरं अशी आहेत की त्यांना एक ठिपका वर आणि एक खाली असतो. उर्दू, फारसी किंवा अरबीत असं अक्षर नाही. कडी किंवा वर-खाली ठिपक्यांची ही जोडी सापडली की इराण बाजूला ठेवायचा.

पश्तू मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे. पेशावरचा बाजार आणि जलालाबादचा बाजार पाटीच्या अक्षरांवरून वेगळे काढणं कठीण, तिथे पुन्हा नंबराकडे यावं लागतं. अफगाण मोबाइल ०७ ने सुरू होतो आणि दहा आकडी असतो; पाकिस्तानी ०३ ने, अकरा आकडी. इराणी मोबाइल ०९ ने सुरू होतो, तोही अकरा आकडी.

पाटी अरबी ठरली तर काम संपत नाही, उलट वाढतं, कारण अरबी वीसहून अधिक देशांची भाषा आहे आणि औषधाचं दुकान मोरोक्कोपासून ओमानपर्यंत 'सैदलिया'च आहे. शब्दावरून देश कळत नाही. इथे मला आकड्यांची मोठी मदत होते असं दिसलं आहे. मोरोक्को, अल्जिरिया, ट्युनिशिया या पश्चिमेकडच्या देशांत अरबी मजकुरातही आपले नेहमीचे इंग्रजी आकडे वापरतात, आणि शेजारी फ्रेंच असते. फ्रेंच लेबनॉनमध्येही दिसते, त्यामुळे ती एकटी पुरेशी नाही. पण काफावर तीन ठिपके असतील तर मोरोक्को समजावं. तिथे ग असा लिहितात, अगादीर शहराच्या नावात तो आहे. तोच ध्वनी ट्युनिशियात काफाऐवजी काफ़च्या, म्हणजे दोन ठिपक्यांच्या गोल डोक्याच्या अक्षरावर तिसरा ठिपका देऊन लिहितात. मोरोक्कोच्या सरकारी इमारतींवर तिसरी एक लिपीही असते, गोल, फुल्या आणि सरळ रेघांची भूमितीसारखी. ती तिफिनाग, तिथल्या अमाझिग लोकांची. २०११ च्या संविधानानं त्यांच्या भाषेला अधिकृत दर्जा दिला.

पूर्वेकडे बँकेची पाटी पुन्हा उपयोगी पडते. इजिप्तमध्ये 'बंक' हा शब्द रुळलेला आहे. १९२० सालच्या बांक मिस्रच्या नावातही तोच. इराक आणि सीरियात सरकारी बँकांच्या पाट्यांवर त्याऐवजी 'मस्रिफ' हा अस्सल अरबी शब्द असतो. आखाती देशांत अरबीच्या जोडीला इंग्रजी जवळजवळ हमखास असते. आणि उत्तर इराकमधल्या अर्बील, सुलेमानिया इथली पाटी अरबीसारखी दिसूनही अरबी नसते. ती सोरानी कुर्दी असते. अक्षरांवर किंवा खाली इंग्रजी व्ही सारखी छोटी खूण दिसते, जी वरच्या कुठल्याही भाषेत नाही, आणि जवळजवळ प्रत्येक स्वर लिहिलेला असल्यानं शब्द लांबलचक होतात.

या सगळ्यात घात करतात त्या तीन गोष्टी. पहिली म्हणजे अस्पष्टता. फोटो पुढे पाठवत गेला की सर्वांत आधी ठिपके जातात. दोन ठिपक्यांची एक आडवी रेघ होते, तीन ठिपक्यांचा एक डाग. त्यात अरब देशांतले रंगारी रुका नावाच्या भरभर लिहायच्या वळणात दोन ठिपके मुळातच रेघेनं लिहितात, आणि या वळणातले शब्दही थोडे खाली उतरतात, त्यामुळे ते नस्तालीक वाटू शकतं. धूसर फोटोत ठिपक्यांवर विसंबू नये. तुकडे, दांड्या आणि आकडे पाहावेत. दुसरी गोष्ट, उलटा केलेला फोटो. डावं-उजवं बदललं की या लिपीचं अनोळखी डोळ्याला काहीच बिघडलेलं दिसत नाही. फोटोत कुठेही इंग्रजी अक्षर असेल तर आधी ते सरळ आहे का पाहावं. नसेल तर नंबर पाहावा, उलट्या फोटोत अरबी चार एकदम आपल्या ओळखीचा इंग्रजी तीन होऊन बसतो.

तिसरी गोष्ट जास्त खोल आहे: पाटी गिऱ्हाइकाच्या भाषेत असते, आणि गिऱ्हाईक परदेशी असू शकतं. मशहदला इमाम रझा यांच्या दर्ग्यासाठी इराकी आणि इतर अरब यात्रेकरू मोठ्या संख्येनं येतात, म्हणून तिथल्या दुकानांवर अरबी दिसते. करबला आणि नजफ इथे उलट. इराणी यात्रेकरूंसाठी हॉटेलं फारसीत पाट्या लावतात. दुबईच्या देरा भागात उर्दू आढळेल. अशा ठिकाणी एका पाटीवर निकाल देण्यापेक्षा रस्त्यावरच्या पाच-सहा पाट्या पाहाव्यात, आणि त्यांतही नगरपालिकेनं लावलेली रस्त्याच्या नावाची पट्टी, पोलिसांचा फलक, बसथांबा यांना जास्त वजन द्यावं. त्या यात्रेकरूंसाठी नसतात, गावासाठी असतात. आणि हॉटेलची पाटी कितीही फारसी असली तरी तिच्यावरचा फोन तिथलाच असतो. करबलामधल्या फारसी पाटीवर मोबाइल नंबर ०७ ने सुरू होईल, अफगाण नंबरासारखाच, पण अफगाण नंबर दहा आकडी असतो आणि इराकी नंबर अकरा.